व्हेरिअन्सची रिव्हिजन शीट: चिक्कीच्या एका कारखान्यावर सगळे फॉर्म्युले, त्यांची कारणं आणि आलेलं उत्तर वाचायचं कसं

स्टँडर्ड कॉस्टिंगचे फॉर्म्युले बहुतेकांचे पाठ असतात. उत्तर 31,000 अ‍ॅडव्हर्स आलं इथपर्यंत गाडी नीट येते आणि खाली "कारणं लिहा, निष्कर्ष लिहा" दिसलं की पेन थांबतं, मग "बाजारभाव वाढला असावा" असं एक गुळगुळीत वाक्य टाकून पोरं पुढे जातात. म्हणून ही शीट फॉर्म्युल्यांची यादी म्हणून नाही लिहिलीये. एकच कारखाना, एकच महिना, आणि मटेरियलपासून सेल्सपर्यंत सगळे व्हेरिअन्स त्याच आकड्यांवर. टीवायबीकॉम, एमकॉम, सीए इंटर, सीएमए इंटर, सगळीकडे मूळ भाग हाच असतो. कारखाना लोणावळ्याकडे असतात तसा शेंगदाणा चिक्कीचा घेतलाय, आकडे मी उदाहरणासाठी बसवलेत.

आधी स्टँडर्ड काय होतं ते

100 किलो कच्चा माल टाकला की 90 किलो चिक्की निघायला हवी. शेंगदाणे भाजताना साल आणि ओलावा जातो, गुळाच्या पाकातलं पाणी उडतं, कापताना चुरा पडतो, हे सगळं धरून 10 टक्के घट नॉर्मल मानलीये. त्या 100 किलोत 60 किलो शेंगदाणे 120 रुपयांनी आणि 40 किलो गूळ 45 रुपयांनी, म्हणजे 7,200 अधिक 1,800, एकूण 9,000 रुपये. चिक्कीच्या किलोमागे मटेरियल 100 रुपये.

100 किलो मालाला 18 तास मजुरी, तासाला 80 रुपये, म्हणजे किलो चिक्कीमागे 0.2 तास आणि 16 रुपये. गॅस, वीज वगैरे व्हेरिएबल ओव्हरहेड तासाला 20, किलोमागे 4. फिक्स्ड ओव्हरहेड महिन्याला 1,80,000, बजेट 9,000 किलोचं आणि 1,800 तासांचं, म्हणून किलोमागे 20 किंवा तासाला 100. एकूण स्टँडर्ड कॉस्ट 140 रुपये किलो, विक्री 200 ला, नफा किलोमागे 60.

महिन्याभरात झालं काय

9,000 च्या जागी चिक्की निघाली 8,820 किलो, सगळी विकली गेली, 204 रुपये भावाने. माल लागला 6,200 किलो शेंगदाणे 125 ने आणि 3,800 किलो गूळ 44 ने, एकूण बरोब्बर 10,000 किलो. मजुरांना 1,850 तासांचे 1,52,000 रुपये दिले, त्यातले 50 तास लाइट गेल्याने बसून गेले आणि तेवढंच काम नंतर ओव्हरटाइममध्ये भरून काढलं, म्हणजे प्रत्यक्ष काम 1,800 तास. व्हेरिएबल ओव्हरहेड 37,500, फिक्स्ड 1,76,000.

सुरू करायच्या आधी फेव्हरेबल-अ‍ॅडव्हर्सबद्दल एकदाच सांगतो. प्लस म्हणजे फेव्हरेबल आणि मायनस म्हणजे अनफेव्हरेबल असं पाठ करू नका, कारण कॉस्टमध्ये स्टँडर्डमधून अ‍ॅक्च्युअल वजा करतात आणि सेल्समध्ये अ‍ॅक्च्युअलमधून स्टँडर्ड, तिथे गोंधळ होतो. एकच प्रश्न विचारा, या फरकामुळे बजेटपेक्षा नफा वाढला की घटला? वाढला तर F, घटला तर A, बस. आणि F म्हणजे "छान झालं" असं नाही हे आत्ताच डोक्यात बसवा, कारण या केसमध्ये सगळ्यात संशयास्पद आकडा एक फेव्हरेबलच निघणार आहे.

मटेरियल

```
SQ = प्रत्यक्ष उत्पादनाला लागायला हवा होता तो माल
AQ = प्रत्यक्ष लागलेला माल
SP, AP = स्टँडर्ड आणि प्रत्यक्ष भाव

Cost  = (SQ × SP) − (AQ × AP)
Price = (SP − AP) × AQ
Usage = (SQ − AQ) × SP
```

इथे जवळपास सगळ्यांची एक चूक होते. SQ हा बजेटच्या 9,000 किलोसाठी काढायचा नाही, प्रत्यक्ष निघालेल्या 8,820 किलोसाठी काढायचा. 8,820 ला 0.9 ने भागा, 9,800 किलो माल लागायला हवा होता, त्यात शेंगदाणे 5,880 आणि गूळ 3,920.

कॉस्ट व्हेरिअन्स: स्टँडर्डने खर्च 8,82,000 व्हायला हवा होता, झाला 9,42,200 (शेंगदाणे 7,75,000 आणि गूळ 1,67,200). फरक 60,200 A.

प्राइस: शेंगदाण्यावर 5 रुपये जास्त गुणिले 6,200, म्हणजे 31,000 A. गुळावर 1 रुपया कमी गुणिले 3,800, म्हणजे 3,800 F. नेट 27,200 A.

प्राइसची नेहमीची कारणं म्हणजे बाजारभाव, घाईत केलेली छोटी खरेदी, गाडीभाडं, डिस्काउंट हुकणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मालाची क्वालिटी वर किंवा खाली जाणं. जबाबदारी साधारण परचेसची. पण बाजारच वर गेला असेल तर परचेसवाल्याला धरून काय उपयोग, त्याबद्दल शेवटी बोलू.

युसेज: शेंगदाणे 5,880 च्या जागी 6,200, जास्तीचे 320 किलो गुणिले 120, म्हणजे 38,400 A. गूळ 3,920 च्या जागी 3,800, वाचलेले 120 किलो गुणिले 45, म्हणजे 5,400 F. नेट 33,000 A. ताळा बघा, 27,200 अधिक 33,000 म्हणजे 60,200, जमलं.

युसेजमध्ये भाव स्टँडर्डच का घेतात? कारण शॉप फ्लोअरवरच्या माणसाने किती माल वापरला एवढंच त्याच्या हातात असतं, भाव त्याच्या हातात नसतो, म्हणून भावातली गडबड त्याच्या खात्यात यायला नको. प्राइसमध्ये मात्र AQ घेतात, म्हणजे जास्तीच्या मालावरचा जास्तीचा भाव परचेसच्या खात्यात जातो. ही सोय म्हणून ठरलेली पद्धत आहे, त्यात फार तत्त्वज्ञान शोधू नका.

आता युसेजचे दोन तुकडे, मिक्स आणि यील्ड. दोन किंवा जास्त माल एकमेकांच्या जागी थोडेफार चालतात तिथेच याला अर्थ आहे. चिक्कीत चालतो, पंख्याच्या मोटर आणि पात्यांमध्ये नाही चालत, मोटर कमी घालून पाती वाढवता येत नाहीत.

```
RSQ = एकूण AQ, स्टँडर्ड प्रमाणात वाटलेला

Mix   = (RSQ − AQ) × SP
Yield = (प्रत्यक्ष output − प्रत्यक्ष input वरून अपेक्षित output)
        × output चा किलोमागे स्टँडर्ड मटेरियल खर्च
```

एकूण 10,000 किलो 60:40 ने वाटला तर 6,000 आणि 4,000. प्रत्यक्ष 6,200 आणि 3,800. मिक्स: शेंगदाणे 200 किलो जास्त गुणिले 120, 24,000 A, गूळ 200 किलो कमी गुणिले 45, 9,000 F, नेट 15,000 A. मिक्स काढताना किलोंची बेरीज नेहमी शून्य येते, एकीकडे जेवढं वाढलं तेवढंच दुसरीकडे कमी. शून्य नाही आली तर RSQ चुकलाय, पुढे जाऊच नका.

यील्ड: 10,000 किलोतून 9,000 यायला हवी होती, आली 8,820, म्हणजे 180 किलो कमी गुणिले 100, 18,000 A. 15,000 अधिक 18,000 म्हणजे 33,000, युसेजशी जुळलं.

मिक्स अ‍ॅडव्हर्स म्हणजे महाग घटक जास्त गेला. कारण टंचाई असू शकतं, वजनकाट्याची ढिलाई असू शकते, रेसिपी मुद्दाम बदललेली असू शकते, आणि कधीकधी दुसरा घटक नीट वागत नाही म्हणून त्याची भरपाई केलेली असते. यील्ड अ‍ॅडव्हर्सची कारणं प्रोसेसमध्ये सापडतात, जास्त आच, करपलेला घाणा, हलका माल, चुरा, रिजेक्शन. आणि हो, मिक्स F आणि यील्ड A अशी जोडी दिसली तर बहुतेक वेळा कोणीतरी स्वस्त घटक वाढवलाय आणि त्याची किंमत उत्पादनात मोजलीये. आपल्याकडे दोन्ही A आहेत, म्हणजे गोष्ट वेगळी आहे. हा 180 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत परत भेटणार आहे.

लेबर

```
Cost       = (SH × SR) − दिलेली एकूण मजुरी
Rate       = (SR × पैसे दिलेले तास) − दिलेली एकूण मजुरी
Idle time  = वाया गेलेले तास × SR          (नेहमी A)
Efficiency = (SH − काम केलेले तास) × SR
```

SR म्हणजे तासाचा स्टँडर्ड दर, 80 रुपये, आणि SH म्हणजे लागायला हवे होते ते तास. SH पण प्रत्यक्ष उत्पादनासाठीच, 8,820 गुणिले 0.2, म्हणजे 1,764 तास. कॉस्ट व्हेरिअन्स 1,41,120 वजा 1,52,000, म्हणजे 10,880 A. रेट: 1,850 गुणिले 80 म्हणजे 1,48,000, दिले 1,52,000, तर 4,000 A. आयडल: 50 गुणिले 80, 4,000 A. एफिशियन्सी: 1,764 वजा 1,800, 36 तास जास्त गुणिले 80, 2,880 A. तिन्हींची बेरीज 10,880.

परीक्षेत मार्क जातात ते इथे: रेटला पैसे दिलेले तास, एफिशियन्सीला काम केलेले तास. दोन्हीकडे 1,850 घातले तर आयडल टाइम एफिशियन्सीत घुसतो, आणि लाइट गेल्याचा दोष मजुरांच्या डोक्यावर येतो. आणि आयडल फक्त अ‍ॅबनॉर्मल घ्यायचा, चहापाणी, घाणा बदलणं, भट्टी तापेपर्यंतचा वेळ हे स्टँडर्ड तासांत आधीच धरलेलं असतं.

आता वाचूया. रेट 4,000 A दिसल्यावर पटकन हात जातो "मजुरी दर वाढले" किंवा "कुशल कामगार लावले" या कारणांकडे. पण आपल्याला माहितीये की 50 तासांचा ओव्हरटाइम झालाय, ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर द्यावा लागतो, म्हणजे तासाला 80 जास्तीचे, 50 गुणिले 80 बरोबर 4,000. म्हणजे रेटचा अख्खा आकडा आणि आयडलचा अख्खा आकडा एकाच गोष्टीचे आहेत, लाइट गेली. त्या एका खोळंब्याने मजुरीत 8,000 खाल्ले. एचआरला रेटबद्दल प्रश्न विचारून काही मिळणार नाही, जनरेटर का नव्हता ते विचारायला पाहिजे.

एफिशियन्सीची गंमत त्याहून मोठी आहे. 2,880 A बघून "कामगार सुस्त" असं लिहून मोकळं व्हायचं का? जरा थांबा. त्यांनी हाताळलेला माल 10,000 किलो. 100 किलोला 18 तास म्हणजे 10,000 ला 1,800 तास. आणि काम किती तास केलं? 1,800! म्हणजे जेवढा माल समोर आला तेवढा त्यांनी अगदी स्टँडर्ड वेगाने भाजला, पाकात घातला, लाटला, कापला. फक्त शेवटी वजनकाट्यावर चिक्की कमी भरली. कमी भरलेले 180 किलो गुणिले 16 रुपये, 2,880. हा पूर्ण आकडा म्हणजे मजुरांच्या गळ्यात पडलेला यील्डचा दोष. काही पुस्तकं याला लेबर यील्ड व्हेरिअन्स म्हणून वेगळा काढायला लावतात, विचारला नसला तरी एका ओळीत लिहा.

खरंच वेग कमी असेल तर कारणं नवीन पोरं, खराब हत्यारं, मशीन बिघाड, सुपरव्हिजन, किंवा खराब मालामुळे जास्तीचं निवडटिपण. आणि कुशल माणूस महाग पडतो पण वेगाने काम करतो, म्हणून रेट A आणि एफिशियन्सी F ही जोडी दिसली तर दोन्ही मिळून नेट काय ते बघायचं, एकट्या रेटवर ओरडायचं नाही.

व्हेरिएबल ओव्हरहेड

```
Expenditure = (SR × काम केलेले तास) − प्रत्यक्ष खर्च
Efficiency  = (SH − काम केलेले तास) × SR
```

इथे SR म्हणजे तासाचा 20 रुपये दर. एक्स्पेंडिचर: 36,000 वजा 37,500, 1,500 A. एफिशियन्सी: 36 तास गुणिले 20, 720 A. एकूण 2,220 A, आणि 8,820 गुणिले 4 म्हणजे 35,280 वजा 37,500 केलं तरी तेच.

ही एफिशियन्सी लेबरच्या एफिशियन्सीची सावली असते, तास तेच, फक्त दर वेगळा, त्यामुळे वेगळं कारण शोधत बसू नका. एक्स्पेंडिचर मात्र वाचण्यासारखा आहे. गॅसचा दर वाढला की गॅस जास्त जळला, हे या आकड्यातून कळत नाही कारण दोन्ही यात एकत्र आहेत. त्यासाठी गॅसची बिलं आणि सिलेंडरचा हिशेब बघायला लागतो. समजा दर तोच आहे आणि सिलेंडर जास्त लागलेत, तर पाक जास्त वेळ आचेवर ठेवावा लागला असणार. हे बाजूला लिहून ठेवा.

फिक्स्ड ओव्हरहेड

सगळ्यात जास्त घाबरवणारा भाग, पण तीनच आकडे ओळीत मांडले की संपतो.

```
अब्सॉर्ब झालेला = प्रत्यक्ष output × किलोमागे दर
बजेट            = ठरलेली रक्कम
प्रत्यक्ष        = झालेला खर्च

Expenditure = बजेट − प्रत्यक्ष
Volume      = अब्सॉर्ब झालेला − बजेट
Capacity    = (काम केलेले तास − बजेट तास) × तासाचा दर
Efficiency  = (SH − काम केलेले तास) × तासाचा दर
```

अब्सॉर्ब 8,820 गुणिले 20, 1,76,400. बजेट 1,80,000. प्रत्यक्ष 1,76,000. एक्स्पेंडिचर 4,000 F, व्हॉल्यूम 3,600 A, नेट 400 F. व्हॉल्यूमचे तुकडे: कपॅसिटी 1,800 वजा 1,800, शून्य. एफिशियन्सी 36 गुणिले 100, 3,600 A. प्रश्नात कामाचे दिवस कमीजास्त दिले असतील तर कॅलेंडर व्हेरिअन्स पण निघतो आणि कपॅसिटीतून तेवढा बाजूला होतो, इथे दिवस तेवढेच होते म्हणून सोडून देतो.

व्हॉल्यूम व्हेरिअन्स वाचताना एक गोष्ट विसरू नका, यात खिशातून एक रुपयाही जास्त गेलेला नाही. भाडं तेवढंच, मॅनेजरचा पगार तेवढाच, फक्त ते वाटून घ्यायला किलो कमी पडले. त्यामुळे खर्च कमी करा असा सल्ला याच्याखाली लिहिला तर एक्झामिनर हसेल. नेट 400 F बघून फिक्स्ड ओव्हरहेड आटोक्यात आहे असं लिहिणंही चूक, कारण आत 4,000 आणि 3,600 एकमेकांना झाकून बसलेत.

आणि तो 4,000 F कुठून आला? भट्टीची दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलली असेल तर ती बचत नाही, उधारी आहे. व्हाउचर उघडून बघितल्याशिवाय F ला शाबासकी द्यायची नाही.

सेल्स

```
Price  = (AP − SP) × विकलेलं प्रमाण
Volume = (विकलेलं − बजेट) × किलोमागे स्टँडर्ड नफा
```

प्राइस 4 गुणिले 8,820, 35,280 F. व्हॉल्यूम 180 गुणिले 60, 10,800 A. भाव वाढवल्यामुळे खप घटला, हे तयार उत्तर इथे लिहायचं नाही, कारण बनलेली प्रत्येक वडी विकली गेलीये. ऑर्डर होत्या का, माल कमी पडला का, हे डिस्पॅचच्या रजिस्टरवरून कळेल. ऑर्डर अडकून राहिल्या असतील तर व्हॉल्यूमचा दोष सेल्सचा नाही.

ताळा, आणि मग खरी गंमत

बजेट नफा 9,000 गुणिले 60, 5,40,000. त्यातून सेल्स व्हॉल्यूम 10,800 A गेले, प्राइसचे 35,280 F आले, मटेरियल 60,200 A, लेबर 10,880 A, व्हेरिएबल ओव्हरहेड 2,220 A गेले, फिक्स्डचे 400 F आले. उरले 4,91,580. आता सरळ हिशेब करा, विक्री 17,99,280 वजा एकूण खर्च 13,07,700, तेच 4,91,580. हे रिकन्सिलिएशन जुळल्याशिवाय कारणं लिहायला बसू नका, कारण चुकलेल्या आकड्याची कारणं कितीही सुंदर लिहिली तरी फुकट.

आता त्या 180 किलोंचा माग काढा. मटेरियल यील्डमध्ये 18,000. लेबर एफिशियन्सीत 2,880. व्हेरिएबल ओव्हरहेड एफिशियन्सीत 720. फिक्स्ड एफिशियन्सीत 3,600. बेरीज 25,200, म्हणजे 180 गुणिले 140, अख्खी स्टँडर्ड कॉस्ट. वर सेल्स व्हॉल्यूमचे 10,800, म्हणजे एकूण 36,000, 180 गुणिले 200. पाच वेगवेगळ्या ओळी, पाच वेगवेगळे विभाग, आणि घडलेली गोष्ट एकच, कढईत गेलेल्या मालातून चिक्की कमी निघाली. प्रत्येक व्हेरिअन्सची कारणं सुटी सुटी लिहिणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. तो पाच विभागांना पाच मेमो पाठवतो.

मग चिक्की कमी का निघाली? इथे बाजूला लिहून ठेवलेले धागे जोडायचे. गूळ 1 रुपयाने स्वस्त मिळाला, 3,800 F. गॅस जास्त जळला असावा, 1,500 A. शेंगदाणे प्रमाणापेक्षा जास्त पडले, मिक्स 15,000 A. यील्ड कमी. ओलसर, मऊ गूळ आणला की काय होतं ते भट्टीवरच्या माणसाला विचारा. पाक लवकर कडक होत नाही, पाण्यात थेंब टाकून बघितला तर तुटायच्या ऐवजी मऊच राहतो, मग आच जास्त वेळ ठेवायची, पाणी उडतं तसं वजन पण उडतं, आणि वडी तरीही चिवट वाटली तर हात आपोआप शेंगदाण्याकडे जातो. म्हणजे 3,800 ची ती फेव्हरेबल बचतच बाकी सगळ्याचं मूळ असू शकते.

असू शकते म्हणतोय, कारण आकडे संशय दाखवतात, सिद्ध काही करत नाहीत. तपासायचं असं: स्टोअरमधून गुळाचा नवा लॉट कोणत्या तारखेला उघडला ते बघा, आणि बॅच शीटवर घाण्यागणिक यील्ड त्या तारखेच्या आधी किती आणि नंतर किती ते मांडा. तारखेनंतर घसरली असेल तर गूळ. पहिल्यापासूनच 88 टक्क्यांच्या आसपास असेल तर गुळाला सोडा, मग एकतर वजनकाटा तपासा किंवा 90 टक्क्यांचं स्टँडर्डच कोणी कधी ठरवलं ते शोधा, जुनं स्टँडर्ड हे पण व्हेरिअन्सचं फार कॉमन कारण आहे. आणि फक्त एकाच शिफ्टला घसरत असेल तर आचेवर कोण असतं ते बघा.

परचेसवाल्याला न्याय द्यायचा राहिला

शेंगदाण्यावर 31,000 A. समजा त्या महिन्यात मार्केट यार्डात त्याच प्रतीचा सरासरी भाव 126 होता. मग 120 ते 126 हा फरक स्टँडर्ड ठरवणाऱ्याच्या अंदाजाचा, 6 गुणिले 6,200, 37,200 A, हा प्लॅनिंग व्हेरिअन्स. आणि 126 च्या बाजारात त्याने 125 ला आणला, 6,200 F, हा ऑपरेशनल. दोन्ही मिळून तेच 31,000 A, पण माणसाबद्दलचं मत बरोब्बर उलटं झालं. सगळ्या पेपरात हे येत नाही, तरी कारणं लिहिताना "बाजारभाव कंट्रोलबाहेर" असं नुसतं म्हणण्यापेक्षा हा दोन ओळींचा हिशेब दाखवलेला केव्हाही बरा. गुळाला पण हीच परीक्षा लावा. बाजारात चांगला गूळ 45 लाच असताना याने 44 ला आणला असेल तर ते एका रुपयाचं कौशल्य की एका रुपयाची कमी प्रत, ते गोडाऊनमध्ये जाऊन ढेप फोडून बघायचं.

एक शेवटची फट, प्रश्नात "मार्जिनल कॉस्टिंग" असा शब्द असेल तर. तेव्हा फिक्स्ड ओव्हरहेड किलोला चिकटवलेलाच नसतो, त्यामुळे फिक्स्डचा व्हॉल्यूम आणि त्याचे तुकडे निघतच नाहीत, फक्त एक्स्पेंडिचर 4,000 F राहतो. आणि सेल्स व्हॉल्यूम नफ्याऐवजी कॉन्ट्रिब्युशनने काढायचा, 200 वजा 120, किलोमागे 80. 180 गुणिले 80 म्हणजे 14,400 A, जो आधीच्या 10,800 आणि 3,600 ची बेरीज आहे, त्यामुळे शेवटचा नफा तोच 4,91,580 यायला हवा. नाही आला तर बहुतेक तुम्ही 3,600 परत एकदा मोजलेत.